अपोलोनियसशिवाय आलेलं आठ

गड्ड्याची यात्रा उरकली आणि दहावीच्या पूर्वपरीक्षेचे भूमितीचे गठ्ठे आमच्यासमोर आले. तीन गुणांचा एक प्रश्न होता: △ABC मध्ये AB = 7, AC = 9, मध्यगा AM = 7, तर BC काढा. उत्तरसूचीत अपोलोनियसचं प्रमेय लिहिण्याला 1 गुण, किमती घालून BM² = 16 आणण्याला 1, BM = 4 ला अर्धा आणि BC = 8 ला अर्धा.

एका मुलीने प्रमेयाचं नावही घेतलं नव्हतं. तिने M आरंभबिंदू धरला, B(−x, 0), C(x, 0) आणि A(p, q) मानले. अंतराच्या सूत्राने तीन समीकरणं मांडली:

p² + q² = 49
(p + x)² + q² = 49
(p − x)² + q² = 81

शेवटची दोन मिळवली की px ची पदं जातात आणि 2(p² + q²) + 2x² = 130 उरतं. पहिल्या समीकरणावरून x² = 16, म्हणून BC = 8. पहिल्या तपासणीत तिला फक्त शेवटचा अर्धा गुण मिळाला होता. शेजारचे सर म्हणाले, "मॅडम, प्रमेय नाही तर त्याचा गुण कसा द्यायचा?"

मी प्रश्न पुन्हा वाचला. 'अपोलोनियसच्या प्रमेयाचा वापर करून' असं त्यात असतं, तर सरांचं बरोबर होतं. इथे नुसतं 'काढा' होतं. मग पहिला गुण प्रमेयाच्या नावाला नसून बाजू आणि मध्यगा यांच्यातल्या संबंधाला आहे. तो संबंध तिने सूत्रावरून स्वतः उभा केला होता. मात्र अक्ष असे धरता येतात का, हे बघायलाच हवं. M मध्यबिंदू असल्याने B, C समोरासमोर सारख्या अंतरावर येतात आणि A कुठेही राहू शकतो, म्हणजे जास्तीचं काही गृहीत धरलेलं नाही. तिने A(0, q) धरला असता, तर AM लंब मानल्यासारखं झालं असतं आणि गुण गेला असता.

x = −4 का सोडलं, हे तिने लिहिलं नव्हतं. पण BM² = 16 वरून थेट BM = 4 लिहिणाऱ्यांचा आपण काही कापत नाही, मग हिचाच का कापायचा? तीनपैकी तीन दिले, उत्तरसूचीखाली ही रीत पेनने जोडली आणि तपासून झालेले गठ्ठे या एका प्रश्नापुरते पुन्हा चाळायला सांगितले.

त्या चाळणीत एक उत्तर निघालं: (7 + 9) ÷ 2 = 8. परीक्षकाने त्याला अर्धा गुण दिला होता. तो अर्धा BM ची दुप्पट करण्याचा आहे, आठ या आकड्याचा नाही, म्हणून शून्य केला. अशी शंका आली की तीच रीत दुसऱ्या आकड्यांवर लावून बघावी. बाजू 11 आणि 17, मध्यगा 13 घेतली तर सरासरी 14 येते. तिसरी बाजू असते 12.