तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लूची लस दरवर्षी का?

“गोवराची लस लहानपणी घेतली की झालं. मग फ्लूची दरवर्षी का? आणि मधूनच जगभर साथ कशी उसळते?”

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतोच. ‘विषाणू फार बदलतो’ एवढं उत्तर मला अपुरं वाटतं. गोवराचा विषाणूही आरएनएचाच, आणि नक्कल करताना तोही भरपूर चुका करतो. पण त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात मोक्याच्या जागी बदल झाला, की ते प्रथिन बहुधा निकामी होतं. फ्लूच्या पृष्ठभागावरचं हिमॅग्लुटिनिन, म्हणजे पेशीला चिकटणारं प्रथिन, असे बदल पचवतं.

आज दर हिवाळ्यात फिरणाऱ्या एच३एन२ या फ्लूच्या प्रकाराची गोष्ट बघा. फ्लूची जनुकं आठ सुट्या तुकड्यांत असतात. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू शिरले, तर नवे विषाणू बांधताना तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. 1968च्या साथीचा विषाणू असाच जन्मला. सहा तुकडे तेव्हा माणसांत फिरणाऱ्या एच२एन२चे होते आणि दोन पक्ष्यांच्या फ्लूचे. त्या दोनांतला एक हिमॅग्लुटिनिनचा, आणि या नव्या प्रथिनाची ओळख बहुतेकांच्या शरीराला नव्हती. जुलैमध्ये हाँगकाँगमध्ये दिसलेली साथ काही महिन्यांत जगभर पोचली. अंदाजे दहा लाख माणसं दगावली. पृष्ठभागावरचं दुसरं प्रथिन, न्यूरामिनिडेज, मात्र जुनंच होतं, त्यामुळे अनेकांना थोडं संरक्षण मिळालं असं मानतात. फ्लूचाच दुसरा गट, इन्फ्लुएंझा बी, अशी जगभराची साथ आणत नाही, कारण तो मुख्यतः माणसांतच राहतो. नवे तुकडे देणारा प्राण्यांमधला साठा त्याला नाही.

साथ सरली तेव्हा बहुतेकांकडे या विषाणूविरुद्ध प्रतिपिंडं होती. त्यांना थोडा चकवणारा विषाणू जास्त पसरतो, पुढच्या हंगामात त्याचेच वंशज दिसतात. मला सर्वात विलक्षण वाटतं ते हे, की 1968 ते 2003 मधले एच३एन२चे मोठे बदल हिमॅग्लुटिनिनवरच्या अवघ्या सात जागांवर झाले. त्या सगळ्या पेशीला चिकटण्याच्या खाचेलगत आहेत. कित्येकदा एकच अमिनो आम्ल बदलणं पुरलं.

हा बदल प्रयोगशाळेत दिसतो. विषाणू लाल रक्तपेशींच्या गुठळ्या करतो, प्रतिपिंडं ते रोखतात. जुन्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं असलेला सीरम, म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव, आणखी आणखी पातळ करत नव्यावर तपासायचा. त्याची ताकद आठपटीने किंवा जास्त घटली, तर विषाणू पुरेसा दूर गेला असं धरतात.

अडचण वेळेची आहे. उत्तर गोलार्धाच्या लसीतले विषाणू फेब्रुवारीत ठरतात, कारण उत्पादनाला महिने लागतात. 2014मध्ये निवड झाल्यावर मार्चअखेर एच३एन२चा बदललेला प्रकार सापडू लागला, आणि पुढच्या हिवाळ्यात अमेरिकेत तोच बहुसंख्य झाला. त्या वर्षी लसीचं एच३एन२पासूनचं संरक्षण फारच तोकडं पडलं.