‘नेहमीची फोडणी’ म्हणजे नेमकी कशी?

“मुलगा पहिल्यांदाच एकटा राहतोय. आजीच्या वहीतल्या कृती त्याला पाठवल्या, पण त्याला काही उमगत नाही. त्याला कळेल असं कसं लिहायचं?”

आमच्या आईच्या वहीत कांदेपोहे दीड ओळीत आहेत: ‘पोहे भिजवून, नेहमीची फोडणी, कांदा परतून पोहे घालणे, वाफ आणणे.’ भाच्याला मी हे सुधारून पाठवलं, म्हणजे फोडणीतल्या जिनसांची नावं घातली. त्याने गार तेलातच मोहरी, हिंग, हळद सगळं एकदम टाकलं आणि गॅस पेटवला. मोहरी तडतडेपर्यंत हळद काळी पडली आणि पोहे कडू झाले. चूक माझी. मी जिनसा सांगितल्या, क्रम नाही.

मग फोडणी अशी लिहिली. आधी कांदा, मिरच्या चिरून, कढीपत्ता धुऊन कोरडा करून ओट्यावर ठेव. फोडणी सुरू झाली की चिरायला वेळ मिळत नाही. कढईत दोन मोठे चमचे तेल मध्यम आचेवर तापव. मोहरीचे दोनच दाणे टाकून बघ. ते तळाशी गप्प बसले तर थांब, लगेच तडतडले तर बाकीची अर्धा चमचा मोहरी घाल आणि वर झाकण तिरकं धर, नाहीतर दाणे अंगावर येतात. तेलातून धूर निघाला तर गॅस बंद कर. तडतड ओसरली की जिरं, चिमूटभर हिंग, मिरच्या, कढीपत्ता आणि लगेच कांदा. हळद कांद्यानंतर, म्हणजे ती करपत नाही. मोहरीच करपली असेल तर फोडणी टाकून दे, कढई पुसून पुन्हा कर. त्यावर पुढे काही इलाज नाही.

मिनिटं मी कमीच लिहिते. त्याची पातळ बुडाची कढई आणि माझी लोखंडी, दोन्हींचा वेळ सारखा कसा असेल? त्यापेक्षा काय दिसलं पाहिजे ते लिहावं. कांदा पारदर्शक झाला, कडा मऊ पडल्या की पुरे. लाल करायचा नाही.

‘भिजवून’ हा शब्द तर पक्का फसवा. जाडे पोहे चाळणीत घेऊन नळाखाली हलक्या हाताने भिजवायचे, पाणी निथळू द्यायचं आणि दहा मिनिटं तसेच ठेवायचे. एक दाणा चिमटीत दाबला तर सहज चुरडला पाहिजे. भाच्याने आधी ते पातेल्यात डाळीसारखे भिजत घातले होते. पोह्यांचा लगदा झाला!

‘वाफ आणणे’ म्हणजे मीठ, साखर लावलेले पोहे कढईत घालून हलवायचे, आच बारीक करायची आणि झाकण ठेवायचं. झाकणाच्या कडेने वाफ निघाली की बंद. कोरडे वाटले तर पाण्याचा एक हबका.

लिहून झालं की ती कृती घरातल्या स्वयंपाक न येणाऱ्या माणसाच्या हातात द्या आणि शेजारी गप्प उभ्या राहा. आमच्याकडे हे काम ह्यांचं. ह्यांनी पहिल्याच वाक्याला विचारलं, “मोठा चमचा म्हणजे कुठला, वाढायचा?”