तो फोन नंबर एकूण एकशे बारा व्हिडिओंत होता

मी जळगावात व्हिडिओ एडिटिंग करतो, चार-पाच जणांचे यूट्यूब चॅनल पण सांभाळतो. त्यात अमळनेरकडच्या एका वहिनींचा फॅमिली चॅनल आहे, भरीत, कळण्याची भाकरी, पोरांची मस्ती वगैरे. एका सकाळी त्यांचा फोन, आवाज एकदम बारीक, "आते काय करानं भाऊ?"

आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर गेटवर एक अनोळखी माणूस आला, पोराला आडनावासकट हाक मारली आणि म्हणाला मम्मीने पाठवलंय. पोरगं हुशार, मागे बाईंकडे पळालं. मी म्हटलं आधी शाळेला आणि पोलिसांना सांगा, चॅनलचं मी बघतो.

हॅकबिक काही नव्हतं हो. प्रत्येक डिस्क्रिप्शनच्या खाली पापड-कुरडईच्या ऑर्डरसाठी नंबर आणि घरचा पत्ता गल्लीसकट. बर्थडेच्या व्हिडिओत पोराचं पूर्ण नाव, गॅदरिंगच्या व्हिडिओत शाळा, इयत्ता, तुकडी. एकेक वाचलं तर कोणाला काय वाटणार, पण तिन्ही शेजारी ठेवले की पोरगं कोण, कुठे शिकतं, कुठे राहतं सगळं हातात.

नंबर सगळीकडे कसा गेला ते यूट्यूब स्टुडिओत कळलं. Settings मध्ये Upload defaults असतं, तिथल्या डिस्क्रिप्शनमध्ये जे लिहाल ते ब्राउझरमधून टाकलेल्या प्रत्येक नव्या व्हिडिओला आपोआप चिकटतं, दोन वर्षांपूर्वी कोणीतरी नंबर-पत्ता टाकून विसरलं होतं. मी ते पुसलं, पण तेवढ्याने जुने व्हिडिओ बदलत नाहीत, ही चूक बरेच जण करतात. मग Content मध्ये सगळे व्हिडिओ सिलेक्ट करून Edit मधून डिस्क्रिप्शनमध्ये नंबर शोधून काढून टाकायला लावला. दुपारी चेक केलं तर पंधरा-वीस व्हिडिओत तसाच! कारण नंबर तीन तऱ्हेने लिहिलेला होता, एकदा सलग, एकदा मधे स्पेस देऊन, एकदा मराठी आकड्यांत, आणि शोधताना अक्षर न् अक्षर जुळावं लागतं. मग तिन्ही तऱ्हा वेगवेगळ्या काढल्या, वर डिस्क्रिप्शनचा फिल्टर लावून "गल्ली", "शाळा", "इयत्ता" असे शब्द शोधले. गॅदरिंगच्या व्हिडिओखाली हॅशटॅगमध्येच शाळेचं नाव होतं, ते असं सापडलं. पिन केलेल्या कमेंट्स तर मी विसरलोच होतो, त्या वहिनींनी दाखवल्या, त्यातही नंबर.

पोराचं आता नुसतं लाडाचं नाव राहिलं. ऑर्डरला नवीन सिम घेतलं, ते घरच्या कोणाच्या व्हॉट्सॅपवर नाही, आणि पत्त्याच्या जागी फक्त "अमळनेर".

गुगलवर मात्र शोधलं की काही दिवस जुनाच पत्ता दिसायचा, कारण सर्चमध्ये त्या व्हिडिओंची आधीची नोंद राहते. त्यासाठी जुना मजकूर ताजा करायची गुगलची रिक्वेस्ट एकेका लिंकला टाकावी लागली. आणि ज्यांनी जुना नंबर सेव्ह केलाय त्यांचं काय करणार, वहिनींना अजून रात्री दहाला फोन येतो, "कुरडई मिळीन का?"