३० आणि ४० मिळून उणे १०: मॅट्रिक्सच्या गुणाकारात अडकले तो अनुभव

एक आकार आधी ४० अंशांनी फिरवायचा आणि मग ३० अंशांनी, एवढंच काम होतं. दोन्ही फिरवण्यांच्या मॅट्रिक्सचा गुणाकार करून एकच मॅट्रिक्स बनवायची आणि ती सगळ्या बिंदूंना लावायची. आकार ७० अंशांनी फिरायला हवा होता. तो फिरला १० अंशांनी, आणि तेही उलट्या दिशेनं.

गुणाकाराचं फंक्शन मला तयार मिळालं होतं, 'तपासलेलं आहे' असा शेरा मारून. त्या शेऱ्याचा राग अजून गेलेला नाही. तो वाचल्यामुळे मी बाकी सगळीकडे शोधत बसले. अंशांचं रेडियनमध्ये रूपांतर तपासलं, `sin` च्या आधीचं उणे चिन्ह तपासलं, बिंदूंना मॅट्रिक्स लावणारा भाग तपासला. सगळं बरोबर होतं. शेवटी फक्त गुणाकाराचं उत्तर छापून पाहिलं. डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात ७० अंशांचा कोसाइन, म्हणजे ०.३४२ यायला हवा होता. तिथे ०.९८५ होतं. हा १० अंशांचा कोसाइन. मग मात्र ते फंक्शन उघडलं.

```c
for (i = 0; i < n; i++)
  for (j = 0; j < n; j++)
    for (k = 0; k < n; k++)
      C[i][j] += A[i][k] * B[j][k];
```

`C` आधी शून्य केलेली होती, लूपच्या मर्यादाही ठीक होत्या. चूक शेवटच्या ओळीत आहे आणि ती नुसती वाचून पटकन दिसत नाही, कारण `i`, `j`, `k` तिन्ही अक्षरं तिथे हजर आहेत. फक्त `B` मधली दोन आपसांत बदललेली आहेत.

मॅट्रिक्सच्या गुणाकारात `A` ची एक रो आणि `B` चा एक कॉलम घेऊन जोडीजोडीनं गुणायचं आणि बेरीज करायची असते. `k` फिरतो तेव्हा `A` मध्ये रोवरून डावीकडून उजवीकडे सरकायचं आणि `B` मध्ये कॉलमवरून वरून खाली उतरायचं. खाली उतरायचं म्हणजे `k` पहिल्या कंसात हवा: `B[k][j]`. इथे `B[j][k]` लिहिल्यामुळे `B` मध्येही रोवरूनच चाललं होतं. म्हणजे प्रोग्राम `A` ला `B` नं गुणत नव्हता, रो-कॉलमची अदलाबदल केलेल्या `B` नं गुणत होता. फिरवण्याच्या मॅट्रिक्सचे रो आणि कॉलम बदलले की ती तेवढ्याच अंशांनी उलटी फिरवते. म्हणून ३० मध्ये ४० मिळवायच्या जागी ३० मधून ४० वजा झाले.

आता त्या 'तपासलेलं आहे' बद्दल. चाचण्या मी शोधून काढल्या. एकीत `B` ही एकक मॅट्रिक्स होती, दुसरीत आकार लहानमोठा करणारी, म्हणजे फक्त कर्णावर आकडे असलेली, आणि तिसरीत सगळीकडे १. या तिन्हींमध्ये एक गोष्ट सारखी आहे: रो आणि कॉलमची अदलाबदल केली तरी त्या जशाच्या तशा राहतात. `B[j][k]` आणि `B[k][j]` मध्ये तिथे एकच आकडा असतो. चुकीचं फंक्शन या तिन्ही चाचण्या पास होणारच होतं, आणि अशा आणखी शंभर चाचण्या लिहिल्या असत्या तरी पास झालं असतं. एकक मॅट्रिक्स घेऊन गुणाकार तपासणं हे माझ्या मते तपासणंच नाही. त्यातून एवढंच कळतं की प्रोग्राम चालतो.

तपासायचंच असेल तर आठ वेगवेगळे आकडे घ्या आणि एकदा हातानं करा:

```
A = 1 2    B = 5 6    A*B = 19 22
    3 4        7 8          43 50
```

पहिली जागा: १×५ + २×७ = १९. माझ्या हातातलं फंक्शन तिथे १७ देत होतं. १७ म्हणजे १×५ + २×६. इथेच चोर सापडतो, कारण ६ हा आकडा `B` च्या पहिल्या रोमधला आहे, पहिल्या कॉलममध्ये तो नाहीच. नुसतं उत्तर चुकलं असं म्हणून थांबू नका, ते कुठल्या आकड्यांपासून बनलं ते शोधा.

हेच आकडे इतर अदलाबदलीही दाखवून देतात. पहिल्या जागी २६ आलं तर `A` चे इंडेक्स उलटे आहेत, कारण १×५ + ३×७ झालं. २३ आलं तर दोन्हींचे उलटे. आणि पहिल्या जागी १९ बरोबर येऊन त्याच्या शेजारी २२ ऐवजी ४३ दिसत असेल, तर गुणाकार ठीक आहे, उत्तर `C[j][i]` मध्ये ठेवलं जातंय.

मधल्या काळात मला मिळालेला सल्ला होता, 'लूप उलटे लावून बघ.' मी बघितले. `j` चा लूप बाहेर नेला, `k` चा मध्ये आणला, आणि उत्तर तसूभरही हललं नाही. हलणारच नव्हतं. `C` आधीच शून्य केलेली असेल आणि बेरीज थेट तिच्यात होत असेल, तर लूप कुठल्याही क्रमानं लावले तरी त्याच जोड्या गुणल्या जातात. क्रमामुळे वेग बदलतो, जोड्या नाहीत. (बेरीज वेगळ्या `sum` मध्ये करत असाल तर मात्र `k` सगळ्यात आतच हवा.) इंडेक्स चुकला की कंसांत बघायचं, `for` च्या ओळी हलवत बसायचं नाही.

दुरुस्ती दोन अक्षरांची निघाली:

```c
C[i][j] += A[i][k] * B[k][j];
```

ही ओळ मी आता एकाच पद्धतीनं वाचते: दोन्ही `k` शेजारी-शेजारी आले पाहिजेत, आणि बाहेर उरलेले `i` व `j` त्याच क्रमानं `C` ला मिळाले पाहिजेत. ०.३४२ छापून आलं तेव्हा इतकं हायसं वाटलं की मी लगेच उठलेच नाही, चौरस नसलेल्या मॅट्रिक्सची चाचणीही तिथेच लिहून टाकली.

ती आधी सांगायला हवी होती, कारण तिनं ही चूक कितीतरी लवकर पकडली असती. `A` मध्ये २ रो आणि ३ कॉलम, `B` मध्ये ३ रो आणि ४ कॉलम घ्या. `i` ला `A` च्या रोची मर्यादा, `j` ला `B` च्या कॉलमची, `k` ला `A` च्या कॉलमची. आता `B[j][k]` लिहिलं तर `j` ३ वर पोचल्यावर तो `B` ची चौथी रो मागतो आणि ती अस्तित्वातच नाही. पायथॉनमध्ये लगेच `IndexError` येतो. सी मात्र गप्प राहू शकते. `int B[10][10]` अशी ऐसपैस जागा ग्लोबल घेतलेली असेल, तर त्या नसलेल्या रोमध्ये शून्यं असतात आणि उत्तराचा शेवटचा कॉलम अख्खा शून्य येतो. तीच जागा फंक्शनच्या आत घेऊन तशीच सोडली असेल, तर तिथे काय येईल याचा भरवसा नाही. त्यामुळे `A` आणि `B` मध्ये सगळे धन आकडे भरून शेवटचा कॉलम शून्य दिसला, तर थेट `B` च्या कंसांकडे जा.