तासाला बहात्तर रुपये

मी पुण्यात बाइकवर हॉटेलच्या ऑर्डरी पोचवतो. घर कर्वेनगरला, काम बहुतेक कोथरूड, कर्वे रोड, डेक्कन या पट्ट्यात. आमच्यात ‘आज किती झाले?’ असं विचारलं की प्रत्येक जण ॲपवरचा आकडा सांगतो. चौकात उभं राहून एकमेकांना सांगायला तो बरा असतो. पण गेल्या पावसाळ्यात भाचा गावाहून राहायला आला, वाघोलीच्या एका गोदामात लागला, आणि महिनाभरातच म्हणायला लागला, “मामा, तुझे रोजचे हजार-बाराशे होतात. मी कशाला खोकी उचलतोय?” त्याला तिथे हातात साडेसोळा हजार मिळत होते. म्हटलं, शनिवारी रात्री बस माझ्यासोबत, पैसा न पैसा मांडून दाखवतो.

तो शनिवार नेमका भरपूर पावसाचा निघाला. पाऊस म्हणजे आमची दिवाळी, असं लोकांना वाटतं. ऑर्डरी पडतात खऱ्या. घरातून ११ ला निघालो, साडेतीनला जेवायला परत आलो, सव्वासहाला पुन्हा बाहेर पडलो, ते पावणेबाराला गाडी लावली. मधली विश्रांती सोडली तर दहा तास रस्त्यावर. ॲपवर कमाई ११८०. त्यात ऑर्डरींचे ८८०, पावसाचे ९०, टार्गेट पुरं केल्याचा इन्सेन्टिव्ह १५० आणि टिप ६०. ऑर्डरवर घालवलेला वेळ ॲप वेगळा दाखवतं, तो होता आठ तास. भाच्याने लगेच भागाकार केला, “तासाला १४७! मामा, हे तर गोदामाच्या दुप्पट झालं.”

पहिली गोम याच आठ तासांत आहे. उरलेले दोन तास मी काही झोपलो नव्हतो. लांबच्या सोसायटीतून रिकामा परत येत होतो, नाहीतर पुलाखाली उभा राहून पुढच्या ऑर्डरची वाट बघत होतो. गाडीवरच होतो, तेव्हा भागायचं दहाने. झाले ११८.

आणि त्या आठ तासांतलेही जवळजवळ दोन तास हॉटेलांच्या दारात गेले. त्यांचे मिळाले सगळे मिळून ८ रुपये. हे कसं होतं ते सांगतो. कर्वे रोडवर एक बिर्याणीवाला आहे. रात्री साडेआठला पोचलो तर आडोशाला आमची दहा-बारा पोरं रेनकोटात निथळत उभी. काउंटरवरचा पोरगा पिशवी उचलून ऑर्डरचे शेवटचे चार आकडे ओरडतो, ज्याची असेल त्याने पुढे व्हायचं. माझ्या स्क्रीनवर तर मी पोचायच्या आधीच ‘ऑर्डर तयार आहे’ असं आलेलं. आत डोकावलो तर माझा हंडा अजून दमावर. तयारीला उशीर दिसला की ॲपवर हॉटेलचा वेळ वाढतो आणि गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं, म्हणून मॅनेजर टॅबवर ‘तयार’चं बटण आधीच दाबून मोकळा होतो. बटण दाबलं गेलं की ॲपच्या हिशेबी हॉटेलने काम चोख केलेलं असतं, त्यामुळे माझ्या थांबण्याचा मीटर चालूच होत नाही. ३४ मिनिटांनी पिशवी हातात आली, तेव्हा उशिराबद्दल गिऱ्हाइकाचं बोलणं खायला मात्र मीच.

आता किलोमीटर. ॲपने पैसे मोजले ८२ किलोमीटरचे. निघताना मी गाडीच्या मीटरचा फोटो काढून ठेवतो, रात्री दुसरा. फरक आला १२८ चा. वरचे ४६ गेले कुठे? जाताना धरतात, येताना धरत नाहीत. नकाशा सगळ्यात जवळची वाट मोजतो, आणि फर्ग्युसन रोड, जंगली महाराज रोड दोन्ही एकेरी, मग वळसा आपल्या पेट्रोलवर. गाडी पावसात, सिग्नलला थांबत-थांबत लिटरला ४५ देते. पेट्रोल १०४ च्या आसपास धरलं तर दिवसाचे २९६ तिथेच गेले.

पेट्रोलपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. झिजेचा कोणी करत नाही, कारण ती रोज खिशातून जात नाही, एकदम गॅरेजवाल्याकडे जाते. मी ती किलोमीटरवर बसवली आहे. ऑइल दर तीन हजारांना ४५० चं, म्हणजे १५ पैसे. मागचा-पुढचा टायर मिळून तेवढेच. चेनसेट १० पैसे. ब्रेक शू, क्लच प्लेट, केबली, पंक्चर यांचे २० धरतो. हे झाले ६० पैसे. शिवाय गाडी सेकंडहँड ६० हजारांना घेतली, ६० हजार किलोमीटर पळवून २४ हजारांना जाईल असा अंदाज. म्हणजे किंमत उतरण्याचे आणखी ६० पैसे. किलोमीटरला १ रुपया २० पैसे, १२८ ला १५४. मोबाइल रिचार्जचे दिवसाचे १०.

११८० मधून हे ४६० गेले, राहिले ७२०. दहा तासांचे. भाचा म्हणाला, “बहात्तर?” आणि कॅल्क्युलेटर पुन्हा दाबून बघितला.

“कंपनी यातून किती कापते मग?” हा त्याचा पुढचा प्रश्न, आणि खरा अवघड. आमच्या पावतीवर कापल्याची ओळच नसते. आम्हाला मिळतं ते कापूनच मिळतं. त्या रात्री बावधनच्या एका काकांनी स्वतःहून बिल दाखवलं: डिलिव्हरीचे ५२, पावसाचे २५, वर प्लॅटफॉर्म फी. “सगळे तुम्हालाच ना?” त्या फेरीचे मला पावसाचे १२ धरून ४४ पडले होते. हॉटेलकडून कंपनी कमिशन घेते ते निराळं. त्यामुळे वरून हिशेब लागत नाही, खालूनच लावावा लागतो.

बोट ठेवून दाखवण्यासारखी गोष्ट म्हणजे त्या दिवसाची शेवटची ऑर्डर. ऑर्डरींचे ८५० झाले की १५० चा इन्सेन्टिव्ह. दहा चाळीसला मी ८३८ वर. पुढची ऑर्डर आली भूगावची, ४२ रुपयांची. हॉटेलपर्यंत दोन किलोमीटर, तिथून सात, घरी परत आठ. सतरा किलोमीटर. पेट्रोल आणि झीज मिळून मला किलोमीटरला साडेतीन रुपये पडतात, म्हणजे साठ. १८ रुपये पदरचे घालून, चांदणी चौकातून अंधारात भिजत जायचं. गेलो, कारण मागे १५० होते. हे १५० आधीच्या नऊ तासांचे असतात असं आपल्याला वाटतं, पण कंपनी ते या शेवटच्या फेरीसाठी ठेवते.

भाच्याच्या साडेसोळा हजारांना २६ दिवस, रोजचे नऊ तास असं भागलं तर तासाला ७० येतात. वर पीएफ आणि ईएसआय. माझे ७२ पावसाच्या, टिपेच्या, टार्गेट पुरं झालेल्या दिवसाचे. तेवढे तिन्ही काढून टाका, ४२ राहतात.

त्याने गोदाम सोडलं नाही. शनिवार-रविवार संध्याकाळी सात ते दहा तो आता ॲप चालू करतो, कारण त्या तीन तासांत रिकामं उभं राहावं लागत नाही. मी त्याला एवढंच सांगितलंय की भूगाव-सूसकडची ऑर्डर टार्गेट हाताशी असल्याशिवाय घ्यायची नाही. सरसकट नाकारताही येत नाही. स्वीकारण्याचा टक्का घसरला की पुढच्या आठवड्याचे शनिवारचे स्लॉट आधी दुसऱ्यांना उघडतात. म्हणून त्या बिर्याणीवाल्याची ऑर्डर मी अजून घेतो, पण आठच्या आत आली तरच.