दरखास्तीचे तेवीस महिने : डिक्री हातात आली, पैसे मात्र नाही

दावा जिंकला त्या दिवशी मी घरी पेढे नेले होते. ते आठवलं की आता स्वतःचंच हसू येतं. ओळखीच्या एका गृहस्थाला धंद्यासाठी साडेचार लाख रुपये चेकने दिले होते, त्याने ते बुडवले. जानेवारी २०१९ मध्ये दावा लावला, नोव्हेंबर २०२१ मध्ये निकाल लागला : साडेचार लाख, दावा दाखल झाल्यापासून सालीना ६ टक्के सरळ व्याज आणि खर्च. मला वाटलं, आता कोर्ट त्याच्याकडून पैसे काढून मला देईल. कोर्ट असं काही आपणहून करत नाही. त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो, त्याला दरखास्त म्हणतात, आणि ती म्हणजे जवळजवळ दुसरा दावाच.

दरखास्त मी फेब्रुवारी २०२२ मध्ये लावली. ही घाई कामी आली. हुकूमनाम्याला, म्हणजे डिक्रीला, दोन वर्षं उलटून गेली की आधी समोरच्याला 'का अंमल करू नये' अशी नोटीस काढावी लागते. दोन वर्षांच्या आत गेलात तर ती लागत नाही, त्याला सावध व्हायला वेळ मिळत नाही. मुदत तशी बारा वर्षांची आहे, म्हणून लोक निवांत बसतात. समोरच्याने अपील केलं म्हणूनही थांबू नका. अपील म्हणजे स्थगिती नव्हे. वरच्या कोर्टाचा स्थगिती आदेश दाखव म्हणावं.

खरा वैताग इथून पुढे.

वकीलसाहेबांनी नेहमीच्या पद्धतीने जंगम मालाच्या जप्तीचं वॉरंट मागितलं. वॉरंट बजावणारा कोर्टाचा कर्मचारी म्हणजे बेलीफ. मी त्याचा भत्ता भरला, नाझर ऑफिसातून वॉरंट निघायला तीन आठवडे गेले. बेलीफ गेला, अहवाल आला : 'सदर पत्त्यावर गेलो असता घर बंद आढळले.' पुन्हा भत्ता, पुन्हा वॉरंट, पुन्हा 'घर बंद'. तिसऱ्या वेळी मी स्वतः बरोबर गेलो. दाराला बाहेरून कुलूप, आत टीव्हीचा आवाज. मी म्हटलं, "अहो, आत माणसं आहेत, तोडा की कुलूप." बेलीफ शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचा माल मिळो न मिळो, माझी नोकरी जाईल."

तेव्हा मला त्याचा राग आला होता. नंतर दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६२ वाचलं आणि तो बरोबर होता हे कळलं. सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापर्यंत राहत्या घरात जप्तीसाठी शिरता येत नाही. बाहेरचं दार तोडायचं तर ते घर त्याच देणेकऱ्याच्या ताब्यात असावं लागतं आणि त्याने आत येऊ द्यायला नकार दिलेला किंवा अडवलेलं असावं लागतं. नुसत्या 'घर बंद' अहवालावर यातलं काहीच सिद्ध होत नाही. म्हणून मागच्या दाराने लोक आत-बाहेर करतात, आत टीव्ही चालू होता, हाक मारूनही उघडलं नाही, हे सगळं अहवालात लिहून घ्या. त्याच अहवालाच्या जोरावर कुलूप तोडण्याची परवानगी आणि पोलीस मदत मागता येते. मी हे तीन वॉरंटांनंतर शिकलो, तोवर आठ महिने गेले होते.

चौथ्या वेळी दार उघडलं. आत काय? भांडी, गाद्या, कपडे. हे कायद्यानेच जप्तीतून वगळलेलं आहे. फ्रिज भावाचा, टीव्ही बायकोचा. स्कूटर होती, ती त्याच आठवड्यात 'विकलेली' निघाली. असा माल जप्त करून विकला तरी किती येणार? सहा लाखांच्या येण्यासाठी मी आठ महिने जुन्या फ्रिजच्या मागे पळत होतो!

संतापून मी वकीलसाहेबांना म्हटलं, "त्याला आतच टाका." दिवाणी कैद आहे, जास्तीत जास्त तीन महिने. पण त्याच्याकडे पैसे आहेत आणि तो मुद्दाम देत नाही, किंवा त्याने मालमत्ता लपवली आहे, असं काहीतरी आधी दाखवावं लागतं. नुसता गरीब म्हणून कोणाला आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच स्पष्ट केलंय. वर त्याच्या कैदेतल्या जेवणाचा भत्ता मीच भरायचा. म्हणजे माझे पैसे बुडवणाऱ्याला मीच जेवू घालायचं. तो नाद सोडला.

मार्ग सापडला तो त्या चौथ्या फेरीतच. जिन्यात शेजारच्या आजोबांनी हळूच विचारलं, "त्याच्या गाळ्याकडे गेलात का? मोबाइलवाल्याला भाड्याने दिलाय." मला गाळा आहे हेच माहीत नव्हतं. गाळ्याचा मिळकत क्रमांक काढला आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा उतारा, शोधला. खरेदीखत एकट्याच्या नावावर. शिवाय लिव्ह अँड लायसन्सचा करारही, कारण महाराष्ट्रात तो नोंदवणं बंधनकारकच आहे.

पण लगेच जप्ती मागितली नाही. आधी त्याच संहितेच्या ऑर्डर २१ नियम ४१ खाली अर्ज दिला : याने आपली सगळी मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगावी. दोन तारखा टाळून त्याने लिहून दिलं, नावावर काहीही नाही. मग मी इंडेक्स टूची प्रत पुढे केली. त्यानंतर त्याच्या वकिलांचा सूर बदलला. तुम्ही दरखास्त लावताय तर हा अर्ज पहिल्याच दिवशी द्या, मी केलं तसं शेवटी नको.

मग नियम ५४ खाली गाळ्याची जप्ती. यात बेलीफला कुलूप तोडावं लागत नाही, माल उचलावा लागत नाही. गाळा विकू नये, गहाण टाकू नये, असा मनाई हुकूम निघतो. तो शटरवर आणि कोर्टाच्या फलकावर चिकटवतात, आणि जागेवर दवंडी पिटतात. आमच्याकडे खरोखर एकजण डफ घेऊन आला. भर बाजारात, संध्याकाळी पाच वाजता. जप्तीनंतर केलेला खासगी व्यवहार माझ्याविरुद्ध रद्दबातल ठरतो, तरीही मी हुकमाची प्रत घेऊन सिटी सर्व्हेत अर्ज दिला आणि नोंद करून घेतली. कोणी आपणहून करेल या भरवशावर राहू नका.

डफ वाजल्यावर चार दिवसांत फोन : "बाहेर दोन लाखात मिटवू." मी नाही म्हटलं. लिलावाची जाहिरात निघेपर्यंत तो थांबला आणि लिलावाच्या आठवडाभर आधी, जानेवारी २०२४ मध्ये, पूर्ण रक्कम कोर्टात भरली : साडेचार लाख, पाच वर्षांचं व्याज १ लाख ३५ हजार आणि खर्च ३१ हजार, एकूण ६ लाख १६ हजार. अंमलबजावणी सहा महिन्यांत निकाली काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये राहुल शहा प्रकरणात सांगितलंय. मला तेवीस महिने लागले, त्यातले आठ त्या कुलपासमोर.

पैसे मिळाल्याची पुरशीस, म्हणजे कोर्टाला लेखी निवेदन, दिली, दरखास्त निकाली निघाली. महिन्याभराने त्याचा पुन्हा फोन. सिटी सर्व्हेतली जप्तीची नोंद तेवढी काढून द्या म्हणाला. मी सांगितलं, पैसे भरले की जप्ती उठलीच, ती नोंद तुमची तुम्ही काढा. आणि हवं असेल तर जप्ती उठल्याचीही दवंडी पिटवता येते, कायद्यात तशी सोय आहे, फक्त खर्च तुमचा.