लॉजवाल्यांपर्यंत टॉवेलची जाहिरात पोहोचवताना

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या फेसबुक-इन्स्टाग्राम जाहिराती मी बघतो. मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांची मागणी सरळ होती, "घरगुती गिऱ्हाईक नको. फक्त लॉजवाले नि हॉटेलवाले पाहिजेत." म्हणून ऑडियन्स, म्हणजे जाहिरात कुणाकुणाला दिसावी तो गट, त्यांच्या सांगण्याप्रमाणेच बांधला: सोलापूर शहर, वय 30 ते 50, भाषा मराठी, आवड हॉटेल व्यवसाय, आणि त्यातलेही फक्त छोटे उद्योजक. रोजचं बजेट 400 रुपये ठेवलं, आणि खर्च होत होते जेमतेम तीस-चाळीस.

खर्च होत नाही म्हटल्यावर ऑडियन्सवर बोट ठेवण्याआधी बाकीचं तपासावं लागतं. जाहिरात मंजूर होती, पैसे भरण्यात अडचण नव्हती, जाहिरात दाखवण्यासाठी लिलावात लागते त्या बोलीवर मर्यादा घातलेली नव्हती. मग रीच, म्हणजे जाहिरात किती माणसांना दिसली, आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकाच माणसाला सरासरी किती वेळा दिसली, हे दोन कॉलम शेजारी-शेजारी लावले. रीच काहीशे माणसांवर अडकलेला आणि फ्रिक्वेन्सी पाचच्या वर गेलेली. खर्च कमी आणि फ्रिक्वेन्सीही कमी असती, तर बोली कमी पडतेय किंवा जाहिरातच चालत नाही अशी शंका घेतली असती. इथे मात्र तीच ती माणसं पुन्हा पुन्हा जाहिरात बघत होती. अशा वेळी बजेट वाढवून काही होत नाही, कारण दाखवायला नवीन माणूसच नसतो.

सगळ्यात आधी भाषेची अट काढली. ही अट माणूस घरात काय बोलतो ते बघत नाही, मुख्यतः तो ॲप कुठल्या भाषेत वापरतो ते बघते. आपल्याकडे मराठी बोलणाऱ्या कितीतरी लोकांचा फोन इंग्रजीतच असतो, आणि सोलापुरात तेलुगू-कन्नड बोलणारेही मराठी जाहिरात आरामात वाचतात. एवढ्या एका बदलाने अंदाजे ऑडियन्स कितीतरी पटींनी वाढला.

मग "हेही आणि तेही" अशी जोडलेली आवडीची अट सोडवली. हॉटेल व्यवसाय किंवा छोटे उद्योजक, दोन्हीपैकी एक जुळलं तरी पुरे. या आवडी माणसाच्या ॲपवरच्या वागण्यावरून काढलेल्या असतात. तो लॉजचा मालक आहे याचा तो पुरावा नव्हे, म्हणून दोन कच्च्या अंदाजांची चाळण लावली की खरे लॉजवालेही गळतात.

तिसरा बदल जागेचा. सोलापूरभोवतीचं वर्तुळ मोठं करणं सोपं होतं, पण त्यात शेतं आणि खेडीच जास्त आली असती. त्याऐवजी पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर इथे छोट्या त्रिज्येचे पिन टाकले. देवस्थानांच्या गावात लॉज दाटीवाटीने असतात, आणि अण्णांचा टेम्पो तिकडे जातोच. जिथे माल पोहोचत नाही तिथली चौकशी फुकटच जाते.

या गावांचे वेगळे ॲड सेट, म्हणजे स्वतःचा ऑडियन्स आणि बजेट असलेले जाहिरातीचे गट, मात्र केले नाहीत. जाहिरात कुणाला दाखवली की चौकशी येते हे यंत्रणा आधी शिकते, आणि हा शिकण्याचा टप्पा पार करायला एका ॲड सेटला आठवड्यात साधारण 50 चौकश्या लागतात. रोज 400 म्हणजे आठवड्याचे 2800 रुपये, त्यात एकालाच तेवढ्या मिळणं कठीण. चार तुकडे केले असते तर चारही उपाशी राहिले असते. पडद्यावर `Learning limited`, म्हणजे शिकणं अपुरं, असं दिसत राहिलं, तरी ते चालवून घेतलं.

पहिल्या आठवड्यात 2800 रुपयांत 31 चौकश्या आल्या. अण्णा खूश व्हायच्या ऐवजी वैतागले, "अहो, हे दोन टॉवेल मागतात!" खरंच होतं. दहापेक्षा जास्त खोल्या असलेले फक्त नऊ. म्हणजे चौकशी 90 रुपयांना, पण कामाची चौकशी 311 रुपयांना.

इथे टार्गेटिंग पुन्हा आवळण्याचा मोह होतो. मी ते तसंच ठेवलं आणि चाळणी जाहिरातीत लावली. फोटोवर मोठ्या अक्षरात "किमान 100 नग", आणि फॉर्ममध्ये "तुमच्याकडे खोल्या किती?" हा प्रश्न. घरगुती माणूस हे वाचून पुढे सरकतो. जुन्या गिऱ्हाइकांच्या नंबरांची यादी चढवून त्यांना वगळलं, कारण त्यांचा फोन तसाही येतो. पुढच्या आठवड्यात तेवढ्याच पैशात 19 चौकश्या आल्या, त्यातल्या 14 कामाच्या. चौकशीचा दर 147 वर चढला, कामाच्या चौकशीचा 200 वर उतरला. अण्णांना मी आता फक्त दुसरा आकडा पाठवतो.

एक काळजी अजून घ्यावी लागते. जागेच्या निवडीत तिथे राहणाऱ्यांबरोबर नुकतेच येऊन गेलेलेही धरले जातात. एरवी चालतं, पण आषाढीत पंढरपूरच्या पिनमध्ये वारकऱ्यांची गर्दी शिरते आणि पैसे त्यांच्यावर उडतात. म्हणून पालख्या जवळ आल्या की पंढरपूरचा पिन काढून ठेवतो, आणि यात्रा पांगली की परत लावतो.